पडल्या भिंती, राहिला उंबरा

लातूरला अकरावीत असताना क्लासच्या हॉलमध्ये एक वक्ते आले होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी एक ओळ अर्धी गात, अर्धी बोलत म्हटली : “पडल्या भिंती तरी, राहिला उंबरा!” मग म्हणाले, “पोरांनो, उंबरा राहिला की घर पुन्हा उभं राहतं.” टाळ्या वाजल्या. शेजारी बसलेल्या माझ्या रूममेटने मात्र वाजवल्या नाहीत. ती किल्लारीकडची होती, भूकंपाच्या वेळी पाच-सहा वर्षांची.

“मावशी पत्र्याच्या शेडात हे म्हणायची,” ती खोलीवर आल्यावर म्हणाली. “पुढं काहीतरी होतं. आठवतच न्हाई.” मावशी आता नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वक्त्यांना गाठून विचारलं. “जुनं सिनेमातलं असेल, मीही एका भाषणातच ऐकलं,” ते म्हणाले. वाचनालयातली गाण्यांची पुस्तकं चाळली. त्यांच्या सूचीत गाणी मुखड्यावरून लावलेली. आमची ओळ कुठेच सापडेना.

दिवाळीत नांदेडला घरी गेले तेव्हा कॅसेटच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाले, “कव्हरवर मुखडाच छापतेत. ही अंतऱ्यातली ओळ असंल. चाल म्हणून दाखव.” मी लाजत गुणगुणले. ते हसले. “सिनेमाचं न्हाई हे. ओवीची चाल हाय. भूकंपानंतर आपल्याकडच्या गायन पार्टीनं एक कॅसेट काढली होती. माझ्याकडं आता न्हाई, पण गाणारे मुदखेडला राहतेत.”

दोन दिवसांनी वडिलांबरोबर मी मुदखेडला गेले. गायक रेल्वेत नोकरीला होते, भीमगीतं गायचे. त्यांनी कपाटातून कॅसेट काढली. कव्हरवर मुखडा होता, ‘पत्र्याच्या घराला’, आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’.

“मदत घेऊन गेलो तव्हा शेडातल्या बाया म्हणत होत्या,” ते म्हणाले. “वहीत उतरून घेतलं. नाव विचारायचं राहून गेलं बघ. म्हणून पारंपरिक छापलं.”

मग त्यांनी वही उघडली. तिसरा अंतरा होता :

पडल्या भिंती बाई, राहिला उंबरा
आत ये म्हणाया, न्हाई कुणी घरा

‘बाई’च्या जागी कुणीतरी ‘तरी’ घातलं होतं आणि दुसरी ओळ गाळली होती. मी दोन्ही ओळी कागदावर उतरवून घेतल्या. रूममेटला हे दाखवावं की नाही, हे मला परतीच्या गाडीतही ठरवता येईना.

सुट्टी संपल्यावर शेवटी कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला. मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणू लागली. दोन ओळींवर ती थांबली नाही. जे वहीतही नव्हतं असं आणखी एक कडवं तिला आठवलं, आणि ते मी घाईघाईने माझ्या भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.