तीन बॅटऱ्यांची एक बॅटरी

लातूरच्या त्या क्लासमध्ये शिक्षक नेमायची रीत अजब होती. अर्ज, प्रमाणपत्रं, एमएस्सीचे गुण हे सगळं संचालक सर टेबलाच्या कोपऱ्यात सरकवायचे आणि उमेदवाराला थेट 'ए' बॅचपुढे उभं करायचे. तास संपला की उमेदवार दाराबाहेर, आणि आत मुलांचे हात वर. एकही हात खाली राहिला तर चहा घेऊन घरी जायचं. माझ्याआधी चौघे चहा घेऊन गेले होते.

भूकंपाला काही वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या. शिक्षक सगळ्यांनाच हवे होते, पण मी गेले की म्हणत, "फिजिक्सला बाई? मॅडम, तुम्ही बायॉलॉजी बघा ना." दोन ठिकाणी हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मला बेडूक कापायचा नव्हता. मला फिजिक्सच शिकवायचं होतं, आणि फिजिक्सची जागा तिघांकडेच रिकामी होती; हा तिसरा क्लास हातचा गेला असता तर लातुरात विचारायला चौथं दार नव्हतं.

अब्बा सोबत आले होते. देवणीला त्यांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "घबराव नको. पहिले खूण देख, फिर तार जोड." दुकानात नवा गडी आला की त्याला ते हेच सांगायचे. मला हसू आलं. मी काय तारा जोडायला चालले होते?

विषय मीच निवडला होता. फळ्यावर वर ए आणि खाली बी असे दोन बिंदू काढले, आणि त्यांच्यामध्ये शेजारी शेजारी तीन फांद्या. प्रत्येक फांदीत एक बॅटरी आणि एक रोध. बारा व्होल्ट व दोन ओहम, सहा व्होल्ट व तीन ओहम, सहा व्होल्ट व सहा ओहम. बाहेरून पाहणाऱ्याला या तिन्हींच्या जागी एकच बॅटरी आणि एकच रोध ठेवून फसवायचं होतं.

"बॅटरी आणि तिच्या रांगेतला रोध," मी म्हणाले, "यांच्याऐवजी करंट सोर्स घ्या आणि तोच रोध त्याच्या बाजूला, पॅरललमध्ये बसवा. करंट किती? व्होल्टेज भागिले रोध. बाहेरच्याला फरक कळणार नाही. मग करंटची बेरीज करा, रोध पॅरललमध्ये एक करा, आणि पुन्हा उलट्या पावली बॅटरीवर या."

माझ्या वहीत उत्तर तयार होतं. सहा, दोन आणि एक अँपिअर, मिळून नऊ. दोन, तीन आणि सहा ओहम पॅरललमध्ये मिळून बरोब्बर एक ओहम. नऊ एके नऊ. म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक ओहम रोध. आकडे इतके गोड जुळवले होते की मी स्वतःवरच खूश होते.

"किती आलं?"

"नऊ!" सगळा वर्ग ओरडला. ही पोरं दिवसाला शंभर गणितं सोडवायची, आकडे दिसले की आकृती बघायच्या आधी त्यांचा हात चालायचा.

दुसऱ्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी तेवढी गप्प होती. ती किनवटकडची, वसतिगृहात राहून शिकलेली, हे मला नंतर कळलं. ती उभी राहिली. "मॅडम, मला पाच येऊन राहिलं."

"चुकलं असेल. परत बघ," मी म्हणाले, आणि तेही जरा तोऱ्यात.

"न्हाई मॅडम. मधली बॅटरी उलटी हाय."

मी वळून फळ्याकडे पाहिलं. बॅटरीची लांब रेघ म्हणजे धन टोक. पहिल्या आणि तिसऱ्या फांदीत ती वर, ए कडे होती. मधलीत मी ती घाईत खाली काढली होती. बॅटरीवाल्याची मुलगी, आणि खूण न बघता बॅटरी जोडून बसले! कानापर्यंत लाल झाले. मागच्या भिंतीला टेकलेल्या संचालकांनी हाताची घडी सोडली.

रेघ पुसून वर काढणं सोपं होतं. खडू त्या रेघेपर्यंत गेलासुद्धा. पण माझा स्वभाव आडमुठा आहे.

"माझ्या वहीत नऊ आहे," मी म्हणाले. "पण आपल्याला फळ्यावरचं सोडवायचं आहे, आणि त्याचं उत्तर हिचंच बरोबर आहे. उलट्या बॅटरीचा करंट उलट्या दिशेनं. सहा वजा दोन अधिक एक, पाच अँपिअर. रोध तोच, एक ओहम. पाच व्होल्ट."

वर्ग हसला. मीही हसले. मग मला खरंच रंग चढला.

"आता ए आणि बी ला काहीच जोडलेलं नाही. यातलं काही गरम होईल का?"

"न्हाई! करंटच न्हाई!" पुन्हा सगळे एका सुरात.

मी त्यांना अब्बांची गोष्ट सांगितली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहत होते, तेव्हा अब्बा ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या जोडून तिथे दिवे लावायचे. एका सकाळी एक दमदार आणि एक उतरलेली अशा दोन बॅटऱ्या एकत्रच जोडलेल्या राहिल्या. दिवा बंद होता, तरी तारा हाताला चटका देत होत्या. एक बॅटरी दुसरीत करंट ढकलत होती.

"ती एकटी बॅटरी बाहेरचं खरं सांगते," मी म्हणाले, "पण आत काय चाललंय ते झाकते. आत बघायचं तर मूळ आकृतीकडे परत यावं लागतं. ए बी मध्ये पाच व्होल्ट आहेत. पहिल्या फांदीत बारा वजा पाच, भागिले दोन, म्हणजे साडेतीन अँपिअर बाहेर येतात. तिसरीतून एक षष्ठांश. आणि उलटीत?"

"पाच आणि सहा, अकरा भागिले तीन!" कुणीतरी म्हणालं. "आत जातात!"

घंटा झाली. मी बाहेर आले आणि अब्बांशेजारी बसले. "एक बॅटरी उलटी काढली," मी सांगितलं.

"मैं क्या बोला था?" ते म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. मलाही हसू आवरेना. नोकरी गेली तरी मघाची पंधरा मिनिटं माझी होती, असं मला मनापासून वाटत होतं.

संचालकांनी दार उघडलं. "मॅडम, आत या. एक हात खाली आहे."

सगळा वर्ग हात वर करून बसला होता. खाली होता फक्त किनवटच्या त्या मुलीचा. तिची मान वहीत खुपसलेली, ओठ हलत होते. अब्बाही माझ्यामागून दारात येऊन उभे राहिले. चहाचा वास येऊ लागला होता.

"का गं?" सरांनी विचारलं. "मॅडम नको?"

"थांबा ना सर," ती वर न बघता म्हणाली. "साडेतीन म्हणजे एकवीस षष्ठांश आले, अकरा भागिले तीन म्हणजे बावीस षष्ठांश गेले, एक षष्ठांश आला." तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. "आलेलं-गेलेलं मिळून शून्यच येतंय मॅडम. बरोबर हाय."

आणि मग तिनं हात वर केला.