एकशे आठ अंशांचं पान

डोईफोडिया गावच्या कापूसवाल्या घरातला कडू पाटील बी.एस्सी. झाला, हे गावाला आधी खरं वाटलं नाही आणि मग कडूला स्वतःला. बऱ्हाणपुरात इंटर सायन्सच्या वर्गाला तो नऊ वर्षं शिकवत होता. त्याच्याआधीचे प्राध्यापक जाताना एक जाडजूड वही देऊन गेले होते. कडूसरांनी ती वही पोथीसारखी जपली; म्हणजे वाचली रोज, शंका कधी घेतली नाही.

सत्तावन्न साल. राज्य नवं झालेलं, विद्यापीठ बदलणार. खाजगी कॉलेजातल्या मास्तरांची तपासणी करून नव्या यादीत नावं घालायची होती. ज्याचं नाव यादीत नाही, त्यानं प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून नळ्या धुवायच्या.

तपासणीचे साहेब यायच्या दिवशी सकाळी कडूसर बुधवारा मोहल्ल्यातल्या आपल्या खोलीत वही उघडून बसले. धडा वायूंच्या रेणूंचा. रेणू सगळे एका वेगानं पळत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या वेगाचा वर्ग करायचा, त्यांची सरासरी काढायची, तिचं वर्गमूळ घ्यायचं. हा वर्गमाध्यमूळ वेग. सूत्र: तीन आरटी भागिले एम, त्याचं वर्गमूळ; टी म्हणजे तापमान, एम म्हणजे रेणुभार. सत्तावीस अंशांवर ऑक्सिजन सेकंदाला चारशे चौऱ्याऐंशी मीटर. पुढचं गणित: वेग दुप्पट व्हायला तापमान किती हवं? वर्गमूळ आहे म्हणून चौपट. सत्तावीस चोक एकशे आठ. उत्तर: एकशे आठ अंश.

आज साहेबांसमोर आकडा नवा असावा, म्हणून सरांनी सुरुवातच शून्य अंशापासून धरली. आणि पेन थांबलं.

"अगं, शून्याला चारनं गुणलं तर काय?"

त्यांची बायको धुरपदाबाई तव्यापासून म्हणाली, "शून्य. हे इचाराले मले भाकर सोडून वर पाहाले लावलं का तुम्ही?"

म्हणजे शून्य अंशावरचा ऑक्सिजन एक कणही न तापवता दुप्पट वेगानं पळणार! सरांनी वहीतलं पान पुन्हा वाचलं. चौपट करायचं ते केल्व्हिनचं तापमान. अंशांत दोनशे त्र्याहत्तर मिळवून केल्व्हिन केल्याशिवाय चौपटीला अर्थच नाही. वेग काढताना ते दरवेळी मिळवत आले होते; या एका गणितात मात्र वहीनं मिळवले नव्हते, म्हणून त्यांनीही नाही. नऊ वर्षं. नऊ वर्षांची मुलं.

कॉलेजात सरांनी हे सांगितलं तेव्हा प्राचार्य वसंतराव हसले. "अहो पाटील, आज हायड्रोजनचं घ्या. हे पान उद्या गुपचूप दुरुस्त करा. साहेब काय वह्या चाटून बघणार आहेत?"

"मुलांच्या वह्यांत एकशे आठ आहे, सर."

"असू द्या ना एक दिवस. नोकरीपेक्षा मोठं आहे का ते?"

सरांनी खडू उचलला आणि वर्गाकडे निघाले.

वर्गात साहेब मागच्या बाकावर बसले. सरांनी फळ्यावर १०८ लिहिलं आणि म्हणाले, "वहीत एकशे आठचं पान काढा. हे मी तुम्हाला शिकवलं. चूक आहे."

खडू सरसर चालू लागला. सत्तावीस म्हणजे तीनशे केल्व्हिन. चौपट बाराशे. दोनशे त्र्याहत्तर वजा केले की नऊशे सत्तावीस अंश. एकशे आठ अंशांवर, म्हणजे तीनशे एक्क्याऐंशी केल्व्हिनवर, वेग भरतो जेमतेम पाचशे पंचेचाळीस. दुपटीला हवेत नऊशे अडुसष्ट.

"तापवून वेग वाढवणं असं महाग पडतं," सर म्हणाले. "हायड्रोजनला ते फुकट मिळालंय. ऑक्सिजन बत्तीस, हा दोन. सोळापट हलका, म्हणून त्याच तापमानाला चौपट वेग. एकोणीसशे छत्तीस."

साहेबांनी एका मुलाची वही मागून घेतली. "मास्टरसाहब, यह गलती कब से चल रही है?"

थोडं खोटं बोलायला जागा होती. "यंदाच" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नौ साल से, साहब."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

महिन्यानं यादी आली. कडू पाटलांचं नाव नव्हतं. शेरा एका ओळीचा: पाठात दीर्घकाळ चूक आढळली. त्या दिवशी धुरपदाबाईनं विचारलं, "नौ साल कशाले सांगतलं मग?" सर म्हणाले, "नऊच होते ना." तिनं त्यांच्या ताटात एक भाकर जास्त वाढली.

जुलैत यादीतले नवे प्राध्यापक आले, अनंत जोशी, कोवळे, घामाघूम. पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेत येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "पाटीलसाहेब, तुमची वही मिळेल का? रेणूंच्या वेगावर शिकवायचंय."

कडूसरांनी ओले हात पुसले, वही काढून दिली. जोशींनी रेणूंच्या वेगाचं पान उघडलं. एकशे आठवर लाल काट, खाली नवं गणित.

"हे पान फाडून नवं का नाही लावलंत?"

"राहू द्या," कडूसर म्हणाले, आणि नळीत परत ब्रश घातला. "मुलांना आधी तेच दाखवा. मग दोनशे त्र्याहत्तर."