ढवळलेलं पाणी

ते भांडण मावशींनी कॉलेजच्या गच्चीच्या जिन्यात झाडू थांबवून ऐकलं होतं.

उन्हावर पाणी तापवायचं मॉडेल प्रयोगशाळेतल्या दादांनी बनवलं होतं. काळ्या पेटीत तांब्याच्या नळीचं वेटोळं, वर काच आणि शेजारी उंचावर पाच लिटरची टाकी.

"तासात छत्तीस अंश वाढलं! कार्यक्षमता बावन्न टक्के!" विभागाचे सर खुशीत म्हणाले.

"सर," दादा म्हणाले, "गरम पाणी वर तरंगतं, तुम्ही वरचंच मोजलंत. ढवळून मोजलं तर अठराच वाढतंय. म्हणजे सव्वीस टक्के."

"प्रदर्शन उद्यावर आलंय आणि तुम्हाला ढवळाढवळ सुचतेय?"

"पाण्याची करतोय सर, तुमची नाही."

मावशींना हसू आलं, पण सरांना नाही. दादांनी तक्त्यावर सव्वीसच लिहिलं आणि बक्षीस दुसऱ्या कॉलेजला गेलं. त्यानंतर दादांना चहाला कुणी हाक मारेना. अकरा वर्षं ते एकटेच डबा उघडायचे, तोही गच्चीवर, त्या मॉडेलच्या सावलीत. मावशींनी एकदा विचारलं, "बावन्न लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं हो?"

"पाण्याला कळलं असतं," ते म्हणाले.

आज त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. खाली कुणी हारही आणला नव्हता. मावशी वर आल्या, तेव्हा नव्या वर्गासाठीची मोजणी चालली होती. दादांनी टाकीचं झाकण काढलं, लाकडी पळीने पाणी तळापासून ढवळलं, तापमापी आत धरून पारा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि वहीत आकडा लिहिला. मग पळी पुसून खिळ्याला अडकवली.