दोनशे चाळीस अंशांवर साखराबाई

दुकानाचं शटर वर गेलं, की साखराबाई आधी यंत्राच्या तोंडातून प्लास्टिकची वीतभर तार काढायच्या. तार थंड झाली की नखांत धरून मोडायच्या, मोडलेलं टोक दाराच्या उजेडात डोळ्यासमोर फिरवायच्या आणि मग कणकेच्या ठिपक्यानं ती भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात चिकटवायच्या. अगरबत्ती त्यानंतर. चौसाळ्यात बऱ्याच जणांना वाटायचं, की बाईंचा काही नवस आहे. कुणी विचारलंच तर त्या ‘हो’ म्हणायच्या, कारण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही.

दुकान त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत, हमरस्त्याला लागून. पाटीवर ‘हरिओम थ्रीडी प्रिंटिंग’. हरिओम हा त्यांच्या दिराचा मुलगा. पुण्यातल्या कंपनीतलं काम सोडून आला तेव्हा सोबत एक जुनं घेतलेलं यंत्र होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. नवरा गेल्यापासून साखराबाईंची पुढची खोली रिकामीच होती. त्या म्हणाल्या, “ठिव की. जेवायला मागतंय व्हय ते?”

पहिले काही महिने लोक आत यायचे ते झेरॉक्स आहे का विचारायला. नाही म्हटलं की थोडा वेळ उभं राहून बघायचे. गरम तोंडातून तार पाझरतेय, थरावर थर चढतोय आणि तासाभरात दारावरची नावाची पाटी तयार होतेय, हे बघून त्यांना बरं वाटायचं. मग शेजारच्या दुकानात जाऊन ते झेरॉक्स काढायचे.

साखराबाई उन्हाळ्यात कुरडया आणि उपासाच्या चकल्या ऑर्डरीनं करून देत. बाकीच्या दिवसांत यंत्राजवळ बसत. हरिओमनं त्यांना तार घालायला, काढायला शिकवलं होतं. पांढरी तार म्हणजे पीएलए. ती दोनशे पाच अंशांवर वितळते, पाट्यांना आणि बिल्ल्यांना तीच चालते. एवढं त्यांना ठाऊक होतं आणि तोवर तेवढंच लागत होतं.

चैत्रात विजयसिंह आला. बीड रोडला त्याचं ठिबकच्या सामानाचं दुकान. जुन्या व्हॉल्व्हच्या मुठी उन्हानं तुटतात आणि ज्या कंपनीनं ते केले, ती बंद पडलीय. त्यानं एक तुटकी मूठ टेबलावर ठेवली.

“अशा पन्नास दे. दुकानाच्या पत्र्यावर आठ दिवस ठेवीन, वर वीट ठिवून. टिकल्या तर वर्षभर तुझ्याकडनंच घेईन. न्हाई टिकल्या तर रामराम.”

हरिओमला हे काम हवंच होतं. पुण्याच्या कंपनीनं त्याला परत बोलावलं होतं आणि एक तारखेपर्यंत कळवायचं होतं. त्याचे वडील धुळाजी गावाकडून रोज फोन करून एकच विचारत, कळवलंस का. बारमाही एक जरी गिऱ्हाईक लागलं, तर तो राहणार होता. नाहीतर यंत्र विकून जाणार होता.

त्यानं नमुन्याची एक मूठ घरात होती त्याच पांढऱ्या तारेत छापून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी विजयसिंह ती दोन बोटांत धरून घेऊन आला. विटेखाली ती मधोमध वाकली होती.

“मूठ हाय का केळीचं साल हाय बे हे?”

पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं आणि चैत्रातला चौसाळ्याचा पत्रा त्याला तेवढं ऊन सहज देतो. हे हरिओमला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि पत्र्यावरून वाकून येणं यात फरक असतो. त्यानं काळी पीईटीजीची तार मागवली. ती ऐंशीच्या आसपासपर्यंत दम धरते. मात्र तिला वितळायला दोनशे चाळीस लागतात, ज्यावर वस्तू उभी राहते ती यंत्राची खालची पाटीही जास्त तापवावी लागते, आणि ती पाटीला इतकी घट्ट बसते की आधी गोंदाची कांडी फिरवावी लागते.

काळी तार छान चालली. एका वेळी सहा अशा चार खेपांत चोवीस मुठी झाल्या. तेवढ्यात शाळेचे गुरुजी धोंडीराम आले. निरोप समारंभ दोन दिवसांवर आला होता आणि मुलांच्या नावांचे बिल्ले अजून व्हायचे होते. गुरुजींना नाही म्हणता येईना. हरिओमनं काळी तार काढली, आच दोनशे पाचवर उतरवली, पांढरी घातली आणि यंत्र सुरू केलं.

पहिला बिल्ला अर्धा झाला. मग यंत्रातून टक, टक, टक असा आवाज येऊ लागला. तोंड नेटानं इकडेतिकडे फिरत होतं, खाली काहीच पडत नव्हतं. हवेतच नावं लिहिणं चाललं होतं.

हरिओमनं सुई घातली. थोडं आलं, परत अडलं. पुन्हा सुई, पुन्हा टक टक. दुपार टळली. धुळाजींचा फोन दोनदा वाजून थांबला.

साखराबाई आतल्या दारात सोऱ्या धूत होत्या. सकाळी कुरडया घातल्या होत्या, आता उपासाच्या चकल्या घालायच्या होत्या.

“आधी काय घातलं होतं त्यात?” त्यांनी विचारलं.

“काळं.”

“ते कितीवर पातळ होतंय?”

“दोनशे चाळीस.”

“अन् आता कितीवर ठिवलंस?”

“दोनशे पाच. पांढऱ्याला तेवढंच लागतं, काकू.”

“पांढऱ्याला लागतं रे. पण आत बसलंय कोण?”

हरिओमनं सुई टेबलावर ठेवली.

“मी गव्हाच्या चिकावर लगेच साबुदाणा घालती का?” साखराबाई सोऱ्याची चकती उजेडात धरत म्हणाल्या. “छिद्रात गहू राहिलेला असतो. पहिल्या चार तारा बऱ्या येतात, मग अडतंय. म्हणून कढत पाणी घालायचं, चीक सुटंल एवढं. आत जो हाय त्याच्या मानानं आग ठिवायची. नव्याच्या मानानं मागनं उतरवायची. इंजिनेरीत हे शिकवत न्हाईत व्हय?”

“डिप्लोमा झालाय माझा,” हरिओम म्हणाला.

त्यानं आच दोनशे चाळीसवर नेली आणि पांढरी तार हातानं हळूहळू दाबली. आधी काळा थेंब आला, मग राखाडी वेटोळं, मग पांढऱ्यात एक काळी रेघ. तरी धार वाकडीच पडत होती. मग त्यानं तोंड नव्वद अंशांपर्यंत निवू दिलं आणि तार एका हिसक्यात उपसली. तिच्या टोकाला तोंडाच्या आतल्या पोकळीचा हुबेहूब साचा उतरला होता, छोट्या भोवऱ्यासारखा, आणि अणकुचीवर मोहरीएवढं काळं. पुन्हा दोनशे चाळीस, पुन्हा पांढरं, स्वच्छ धार येईपर्यंत. आणि पांढरं जास्त वेळ तापत राहिलं तर करपून तेच अडकेल, म्हणून लगेच दोनशे पाचवर. टक टक थांबलं.

तो भोवरा साखराबाईंनी उचलला आणि कणीक लावून कॅलेंडरवर त्या तारखेला चिकटवला. “ध्यानात राहील,” एवढंच म्हणाल्या. तिथून ती सवय लागली.

बिल्ले झाले. गुरुजी घेऊन गेले. एका मुलाचं नाव चुकलं होतं, पण ते यादीतच चुकलं होतं. मग पुन्हा काळी तार. आता हरिओमला घाई होती, कारण विजयसिंहला मुठी बाजाराच्या दिवशी द्यायच्या होत्या. आच त्यानं बरोबर दोनशे चाळीसवर नेली आणि काळी तार दाबली. पांढरं, राखाडी, काळं. काळं दिसताच थांबला, साखराबाईंसाठी वीतभर तार काढून ठेवली आणि छपाई सुरू केली. पाच खेपा, तीस मुठी. आधीच्या धरून चोपन्न. चार जास्तच.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो गोणपाटाच्या पिशवीत मुठी भरून चहा आणायला गेला. परतला तेव्हा साखराबाई जमिनीवर बसल्या होत्या, पिशवी उपडी, आणि सहा मुठी बाजूला काढलेल्या. पुढ्यात भिंतीवरून उतरवलेलं कॅलेंडर.

“काकू, हे काय करताय?”

“ही तार बघ. काळं घातलंस त्या दिवशीची. तवा घाईत मोडून बघितली न्हाई, तशीच लावली.” त्यांनी आता तिचं टोक मोडलं. बाहेरून काळी तार आतून मधोमध दोऱ्याएवढी पांढरी होती. “बाहेरनं काळं दिसलं की तू थांबलास. आत पांढरं येतच होतं. ते पहिल्या खेपेच्या बुडात गेलंय.”

“बुडाला गोंद हाय तो. सगळ्यांच्याच बुडाला पांढरट हाय.”

“गोंद मी पुसला ओल्या फडक्यानं. ह्या सहांचा गेला न्हाई.”

“मग अठ्ठेचाळीसच राहतात. दोन कमी. आज नवीन छापायला वेळ न्हाई. त्यानं पन्नास सांगितल्यात, काकू! एक तारीख चार दिवसांवर हाय!”

“उपासाच्या चकलीत गहू गेला तर मी ती देत न्हाई. कुणाला कळत न्हाई तरी.”

साखराबाईंनी उरलेल्या अठ्ठेचाळीस मुठी पिशवीत परत भरल्या, तोच विजयसिंहची मोटरसायकल दारात थांबली. त्यानं पिशवी उचलून हातानं अंदाज घेतला, मग मोजलं.

“दोन कावून कमी बे?”

हरिओमनं बाजूच्या सहा मुठींकडे बोट केलं.

“हाईत की,” साखराबाई म्हणाल्या, “पण त्या तुमाला द्यायच्या न्हाईत. त्यांच्या पोटात पांढरं राहिलंय.”

“पोटात राहिलं तर राहू द्या, मावशी. मूठ हाय, लेकरू न्हाई.”

“मग पिळून बघा.”

विजयसिंहनं बाजूची एक मूठ घेऊन पिळली. वरचं अंग तसंच राहिलं आणि बुडाचा पातळ पापुद्रा भाकरीसारखा सुटून त्याच्या तळहातावर आला. त्यानं तो उलटसुलट बघितला. मग पिशवीतली एक घेतली आणि पिळली. ती जरा वळली, सोडताच परत सरळ झाली. दुसरी घेतली. तीही.

“हे दुकानात कळलं नसतं,” तो म्हणाला. “व्हॉल्व्ह फिरवताना शेतात कळलं असतं. अन् शिव्या मला.” पापुद्रा त्यानं खिशात ठेवला. कशाला, ते सांगितलं नाही. “दोन मागनं द्या. आता ह्या पत्र्यावर जात्यात.”

पत्र्यावर त्या आठ दिवस राहिल्या. एक तारखेला त्यांना विटेखाली चार दिवस झाले होते. हरिओम त्या सकाळी बीड रोडला जाऊन शिडीवर चढला, एकेक वीट उचलून बघितली, खाली उतरला आणि तिथूनच पुण्याला कळवलं की येत नाही. मग धुळाजींना फोन केला. ते म्हणाले, की म्हशीला लस टोचायची आहे, रविवारी ये. आठवा दिवस झाल्यावर विजयसिंह चहा प्यायला आला आणि पुढच्या दोनशे मुठी सांगून गेला.

दीड वर्षाहून जास्त साखराबाईंनी रोज तार मोडून बघितली. जुनं कॅलेंडर संपलं तेव्हा तारांसकट गुंडाळून माळ्यावर ठेवलं. अंजू म्हणून एक शेजारीण कुरडया शिकायला यायची. तिला त्यांनी आधी यंत्राची तार मोडायला शिकवली, कारण त्यात पीठ वाया जात नाही.

मार्गशीर्षात त्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला बीडला गेल्या. दवाखान्याच्या बाकावर, नंबर यायच्या आधीच गेल्या. संध्याकाळी त्यांना घरी आणलं. त्या दिवसाच्या चौकोनात काळी तार सकाळीच चिकटवलेली होती, टोक मोडलेलं, आतपर्यंत काळं.

सकाळी रिक्षात बसताना त्यांनी हरिओमला हाक मारली होती. तो हातातलं काम ठेवून दारात आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “आत काळं हाय, पांढरं घालशील तर आच आधी वाढव. अन् दूध झाकून ठिव, मांजर आलंय.”