काकूंनी दिलेली पाच नावं

आम्ही हॉस्पिटलांतली बिघडलेली यंत्रं दुरुस्त करतो, आणि त्यासाठी येणारे फोन चौदा वर्षं आमच्या काकू घेतात. दिसायला गरीब गाय, पण बाई पक्की बेरकी! यंदा कंपनीने आपोआप बोलणारा फोन बसवला आणि काकूंना महिनाअखेरची नोटीस दिली. माझं तर डोकंच फिरलं, पण इंजिनिअरला विचारतो कोण?

त्याच आठवड्यात आमच्या मॅडमना टीममध्ये एक नवी जागा मंजूर झाली. गिऱ्हाइकाचं म्हणणं समजून घ्यायचं आणि कुठला इंजिनिअर, कुठला सुटा भाग घेऊन, कधी जाईल हे ठरवायचं. मॅडमनी ऑनलाइन आपल्या ओळखीच्या लोकांत जाहीर केलं. अभिनंदनांचा पाऊस पडला, माणूस एकही सुचेना. त्यांच्या दिरांनी तेवढं लिहिलं, "माझा भाचा घे, काहीही करील."

"काहीही करणाराच नकोय मला!" मॅडम कडाडल्या. मग काकूंना म्हणाल्या, "ऑफिसच्या मोबाइलवर सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत ना? त्यांना पाठवा. नुसतं नाव नको म्हणावं. त्या माणसाचं काम स्वतः कधी पाहिलंत, ते दोन ओळींत लिहा."

काकूंनी चाळीस जणांना पाठवलं. तीन दिवसांनी मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. नावं पाच.

"चाळिसात पाचच?" मॅडमनी चष्मा वर केला. "बघू तो मोबाइल."

मी फाइल शोधायचं नाटक करत तिथेच रेंगाळलो. मॅडम मोठ्याने वाचायला लागल्या, "तुमच्याच काकू. रक्त तपासायचं यंत्र बंद पडलं, तर फोनवर आवाज ऐकून म्हणाल्या, पंप गेलाय, पंप घेऊनच माणूस पाठवते." पुढचा निरोप, पुन्हा काकू. त्याच्या पुढचा, पुन्हा काकू. तेवीस जणांनी एकच नाव दिलं होतं! काकू मान खाली घालून पदराशी चाळा करत होत्या.

मॅडमनी नोटीस थांबवायला लावली. मोबाइलवरची बाकीची नावंही पाहिली, आणि सोमवारी काकूंसकट तिघांची रीतसर मुलाखत झाली. जागा काकूंना मिळाली. मला इतका आनंद झाला की मीच सगळ्यांना चहा पाजला.

चहा पिताना मी विचारलं, "काकू, स्वतःचं नाव का गाळलंत हो?"

"मी लिहून दिलं असतं तर म्हणाल्या असत्या, म्हातारीने सगळ्यांना पढवून ठेवलंय. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, तेव्हा पटलं."

"आणि मॅडमनी मोबाइल मागितलाच नसता तर?"

"तीच तर भीती होती रे," काकू हळूच म्हणाल्या. "म्हणून तर पाचच दिली. बाकीची नावं बारा होती. बारा बघून कोणी मोबाइल मागितला असता का?"