जाहिरातींच्या कप्प्यात गेलेला कोड

भूपेंद्रभाई वसावडांनी सारी नोकरी रेल्वेच्या टपालात काढली. पत्रं गावागावांच्या खणांत टाकायची, हेच काम. निवृत्त झाल्यावर हातांना चैन पडेना. वडोदऱ्याच्या घरात आधी त्यांनी मसाल्यांच्या बरण्या लावल्या, मग खिळे-स्क्रू. इलाबेनच्या साड्यांपर्यंत पोचले तेव्हा बायकोने दम दिला, "कपाटाला हात लावाल तर उपाशी झोपाल!"

मग त्यांनी फोनकडे मोर्चा वळवला.

फोन म्हणजे नुसता बाजार झाला होता. बँकेचा मेसेज, त्याखाली कुरिअरचा, मध्येच सोफ्यावर सूट, स्वस्तात कर्ज, बक्षीस. दर पाच मिनिटांनी टिंग. भूपेंद्रभाईंनी मेसेजचं एक नवं ॲप घेतलं. त्यात तीन कप्पे केले: बँक, पार्सल, जाहिराती. कोणता मेसेज कुठे जाईल याचे नियम आपणच लिहायचे. ॲप ते वरून खाली तपासतं आणि जो नियम आधी लागू पडेल त्याच्या कप्प्यात मेसेज टाकून मोकळं होतं. त्यांनी सगळ्यात वर लिहिलं: मजकुरात 'सूट', 'ऑफर' किंवा 'ऑफ' आलं की जाहिरातींत, आणि त्या कप्प्याचा आवाज बंद. घर एकदम शांत झालं. स्वारी आठवडाभर मिशीत हसत होती.

जुनागढला त्यांची आई, मुक्ताबा, म्हणजे घरच्यांची 'बा', एकटी राहायची. काचबिंदूचे थेंब तिथल्या दुकानात मिळत नसत, म्हणून भूपेंद्रभाई ते इथून ऑनलाइन मागवत. पार्सल निघालं की ते ताब्यात घेण्याचा कोड यांच्या फोनवर यायचा. मग हे बाला फोन करायचे, बा तो कॅलेंडरवर लिहून घ्यायची आणि दारात आलेल्या पोराला वाचून दाखवायची. बा स्वतःहून कधी फोन करत नसे. मुलाला उगाच कशाला त्रास, हा तिचा बाणा.

या खेपेला थेंब पोचायची वेळ उलटून गेली तरी कोड आला नाही. पार्सल रेंगाळलं असेल, असं भूपेंद्रभाईंना वाटलं. शेवटी राहवेना, तेव्हा त्यांनी फोन लावला.

"बा, औषध आलं का गं?"

"आलं होतं की. पोरगा दोन-तीनदा येऊन गेला. कोड मागायचा. म्हटलं, माझा मुलगा फोन करील, थांब. दारात खुर्ची टाकून बसले होते." मग तिने हळूच विचारलं, "तू रागावलायस का रे माझ्यावर? तिकडे राहायला यायला नको म्हणाले म्हणून?"

"अगं, नाही गं! आणि थेंब?"

"संपले. परवाच."

भूपेंद्रभाईंनी घाईघाईने जाहिरातींचा कप्पा उघडला. सोफे आणि कर्जांच्या गर्दीत तो मेसेज निमूट पडला होता. वर बाचं पार्सल, त्याचा कोड, आणि शेपटीला एक ओळ: पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के ऑफ. त्या एका शब्दाने घात केला होता. दोन दिवसांनी आलेला निरोपही तिथेच होता: पार्सल परत पाठवलं आहे.

"जन्मभर मी पाकिटावरची जाहिरात वाचली नाही," ते बायकोला म्हणाले. "पत्ता बघायचा आणि खणात टाकायचं. आणि इथे मात्र मजकूर वाचत बसलो."

"शाबास! आता कपाळ बडवत बसू नका. बाजारात जा, थेंब घ्या आणि गाडी पकडा," इलाबेन म्हणाल्या.

गाडीत त्यांनी नियम बदलले. पाठवणाऱ्याच्या नावाच्या टोकाला एक इंग्रजी अक्षर असतं: बँकेच्या व्यवहाराला टी, सेवेच्या निरोपाला एस, जाहिरातीला पी. औषधवाल्यांच्या नावापुढे एस होता. म्हणून आता सगळ्यात वर औषधवाल्यांचं हे नाव, थेट पार्सलमध्ये, मोठ्या आवाजासह. आणि जाहिरातींत फक्त पी. शब्दांचा नियम त्यांनी पुसूनच टाकला.

बाच्या डोळ्यांत त्यांनी स्वतः थेंब घातले. मग घडलं ते सारं सांगितलं. बा डोळे मिटून ऐकत होती.

"म्हणजे मी सोफ्यांच्या रांगेत होते म्हण," ती म्हणाली आणि हसली. भूपेंद्रभाईंना मात्र हसता येईना. चूक ॲपची म्हणावी तर नियम त्यांनीच लिहिला होता. त्याहून जास्त त्यांना दुसरंच लागलं होतं. कोड आला नाही तर आईला फोनच जात नाही, हे त्यांना आज कळत होतं. तिला ते कधीचं ठाऊक असणार.

वडोदऱ्याला परतल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी फोन लावला. बाने लगेच उचलला.

"थांब हं, चष्मा घेते. हं, सांग कोड."

"कोड नाही, बा. असाच केला."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मग बोल," बा म्हणाली.