सतारीचं गाव कोणतं?

सांगलीची ब्राह्मी टीव्हीवरच्या एका विलायती प्रश्नमंजूषेचे प्रश्न मराठीत आणायची. त्या दिवशी मधल्या पातळीचा एक प्रश्न अडला: सुऱ्या-चमच्यांसाठी इंग्लंडमधलं कोणतं शहर प्रसिद्ध? तिकडच्या माणसाला थोडं आठवून सांगता येईल, इकडे मात्र कुणालाच येणार नाही. तिने बदलून लिहिलं, ‘सतारी बनवण्यासाठी कोणतं शहर प्रसिद्ध?’

नवरा मदन म्हणाला, “मिरज. एवढं सोपं कोण विचारतं गं?”

ती हिरमुसली. पण कार्यक्रम तर सगळा महाराष्ट्र बघणार होता. तिने नागपूरच्या नणंदेला फोन लावून पर्याय वाचून दाखवले. वन्सं कोल्हापूर की मिरज यात बराच वेळ अडकल्या, मग चाचरत म्हणाल्या, “मिरज असेल.” जळगावचा मावसभाऊ चुकलाच.

ब्राह्मीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि प्रश्न पाठवून दिला.